बारावीच्या तोंडावर ओसीडी: घरच्यांनी काय करायचं आणि कोणत्या क्रमाने

‘हो रे बाबा, नीट वाचलंयस. आता पुढे वाच.’ ओसीडी, म्हणजे नको असलेले विचार आणि त्यापायी तीच कृती परत परत करायला लावणारा मानसिक आजार, असलेल्या मुलाच्या घरी परीक्षेच्या दिवसांत हे वाक्य दिवसाला तीस-चाळीस वेळा कानावर पडतं. आई ते प्रेमाने म्हणते, बाबा वैतागून म्हणतात, आजी देवाचं नाव घेऊन म्हणते. तिघांच्याही उत्तराने मुलाला दोन मिनिटं हायसं वाटतं आणि तिसऱ्या मिनिटाला तो पुन्हा विचारतो. मग एखाद्या रात्री बाबांचा संयम सुटतो. ‘आजपासून कुणीही याला उत्तर द्यायचं नाही’ असा हुकूम निघतो, रात्री अकराला रडारड होते आणि सव्वाअकराला आई उत्तर देऊन मोकळी होते.

समुपदेशनाच्या कामात डिसेंबर ते मार्च मी हेच पाहत असते. घरचे काही करत नाहीत असं सहसा नसतं. ते बरंच काही करतात, फक्त क्रम उलटा असतो. म्हणून हा लेख क्रमाबद्दल आहे. उदाहरण एकाच मुलाचं ठेवलं आहे. ते बऱ्याच घरांतलं थोडं थोडं घेऊन जुळवलेलं आहे. मुलगा बारावी सायन्सचा, त्याला आपण दादू म्हणू. लेखी परीक्षा फेब्रुवारीच्या मध्याला आणि घरच्यांना जाग आली ती डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात.

## आधी ओळख पटवा: हा अभ्यासाचा आळस आहे की मंत्रचळ?

जुन्या माणसांचा ‘मंत्रचळ’ हा शब्द या आजाराला चांगला बसतो. यात दोन भाग असतात. एक, मनात नको असताना घुसणारा विचार: ही ओळ मी नीट वाचलीच नाही, हात अजून घाण आहेत, मी देवाबद्दल काहीतरी भयंकर बोललो. दुसरा, तो विचार शांत करायला केलेली कृती: ओळ परत वाचणं, हात परत धुणं, मनात एकवीस वेळा क्षमा मागणं. कृती केली की बरं वाटतं. बरं वाटतं म्हणूनच मेंदू पुढच्या वेळी तीच कृती आणखी जोरात मागतो.

स्वच्छतेचा मंत्रचळ घरात पटकन लक्षात येतो. अभ्यासातला येत नाही, कारण तो मेहनतीसारखा दिसतो. दादू रोज नऊ तास टेबलाशी बसायचा आणि आई-बाबा खुश होते. फिजिक्सचा पहिला धडा, रोटेशनल डायनॅमिक्स, दोन तासांत जेमतेम दीड पान पुढे सरकला होता हे कुणी पाहिलंच नव्हतं. तो प्रत्येक परिच्छेद ‘मनात नीट बसेपर्यंत’ वाचायचा. मध्ये कुणी शिंकलं की पानाच्या सुरुवातीला परत. वहीत एखादं अक्षर वाकडं आलं की पान फाडून नवं. जर्नल तीनदा नव्याने लिहून झालं होतं.

म्हणून तास मोजू नका, पानं मोजा. तासाला किती पानं पुढे सरकली? आणि एक प्रश्न हळूच विचारा: ‘परत वाचलं नाहीस तर काय होईल असं वाटतं?’ आळस करणारं मूल म्हणेल, काही नाही. परीक्षेला घाबरलेलं म्हणेल, मार्क जातील. मंत्रचळ असलेलं मूल बरेचदा म्हणेल, ‘माहीत नाही, पण नाही वाचलं तर राहवतच नाही,’ किंवा त्याच्या मनातलं काहीतरी विचित्र सांगेल: बाबांना काही होईल, वर्ष वाया जाईल. ते विचित्र आहे हे त्यालाही कळत असतं. हसू नका.

तपासा: असे विचार आणि कृती मिळून दिवसाचा एक तासापेक्षा जास्त वेळ खात असतील, किंवा त्यापायी अभ्यास, झोप, जेवण अडत असेल, तर हा स्वभाव म्हणून सोडून देऊ नका. पुढच्या पायऱ्या लागतील.

## पायरी १: तीन दिवस फक्त नोंद, बदल काहीच नाही

पहिल्या दिवशीच सुधारणा सुरू करणं ही सर्वांत मोठी चूक. आपण काय बंद करायचं आहे हेच तेव्हा माहीत नसतं.

एक छोटी वही घ्या. त्यात मुलाचं वागणं लिहायचं नाही, तुमचं लिहायचं. मंत्रचळाच्या मागणीवरून घरातल्या प्रत्येकाने दिवसभरात काय काय केलं ते. दादूच्या घरची नोंद अशी निघाली: ‘मी नीट वाचलं ना?’ या प्रश्नाला आईने दिवसात ४१ वेळा उत्तर दिलं. तो वाचत असताना टीव्ही, मिक्सर आणि आजीची पोथी बंद. बाबांनी नव्या वह्या आणून दिल्या, आठवड्यात चार. धाकटी बहीण त्याच्या टेबलाजवळून जात नाही, कारण तिचा स्पर्श झाला की तो परत हात धुतो. रात्री दप्तर आईने तीनदा उघडून दाखवलं. आणि कुणाला माहीत नसलेली एक गोष्ट: तो पुण्याच्या मावशीला रोज फोन करून तोच प्रश्न विचारत होता. मावशीला वाटत होतं, भाचा आपुलकीने फोन करतो.

ही यादी वाचताना आई रडली. तिला वाटलं आपणच आजार वाढवला. तसं नाही, आजार आधीच होता. घरच्यांची ही मदत त्याला खतपाणी घालते, एवढंच. आणि खत कुठून जातंय ते कळलं की तेवढं थांबवता येतं.

सावधान: या तीन दिवसांत घरात दृष्ट काढणं, अंगारा, नवस, नवं स्तोत्र असं काही सुरू करू नका. श्रद्धेबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण मंत्रचळ असलेल्या मुलाला ‘परीक्षेला जाताना हे अकरा वेळा म्हण’ असं सांगितलं, तर अकरावं नीट म्हटलं गेलं का या शंकेने तो बाविसाव्यावर जातो. तुम्ही त्याला नवी कृती बनवून देता.

## पायरी २: डॉक्टर आत्ताच, परीक्षेनंतर नाही

‘आता परीक्षा होऊ दे, मग मे महिन्यात दाखवू.’ हे मी इतक्यांदा ऐकलं आहे की आता वादही घालत नाही. दहा आठवडे हातात असताना उपचार सुरू झाले तर परीक्षेपर्यंत फरक दिसायला वाव असतो. पंधरा दिवस उरले असतील तरी जा, पण अपेक्षा वेगळी ठेवा.

मानसोपचारतज्ज्ञाकडे जायचं. जवळ खासगी डॉक्टर नसतील तर जिल्हा रुग्णालयात किंवा सरकारी मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात मानसोपचाराची ओपीडी असते. कुठे जायचं हेच सुचत नसेल तर सरकारच्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक आहे. तिथे मराठीत बोलता येतं आणि पैसे लागत नाहीत.

वही बरोबर न्या. ‘हट्टी झालाय, लक्ष लागत नाही’ असं सांगाल तर चर्चा भलतीकडे जाईल. ‘परत परत वाचतो, तासाला पाऊण पान होतं, दिवसाला चाळीस वेळा खात्री करून घेतो’ असं सांगा. आणि मुलाला डॉक्टरांशी एकट्याने बोलू द्या. घाणेरडे, हिंसक किंवा देवाबद्दलचे विचार येत असतील तर ते आईसमोर तो मेला तरी बोलणार नाही. असे विचार आले म्हणजे तो तसा वागेल असं नसतं. त्या विचारांची त्याला किळस येते, म्हणूनच तो छळला जातो. हे त्याला डॉक्टरांच्या तोंडून ऐकू द्या.

उपचाराचे दोन मार्ग आहेत आणि बरेचदा दोन्ही एकत्र चालतात. पहिला थेरपीचा: एक्सपोजर अँड रिस्पॉन्स प्रिव्हेन्शन. म्हणजे भीती वाटेल अशा गोष्टीला ठरवून, सोपीपासून सुरू करून, सामोरं जायचं आणि नेहमीची कृती करायची नाही. बेचैनी चढते आणि कृती न करताही ती सोसता येते हे मेंदू शिकतो. समुपदेशकाला थेट विचारा, तुम्ही ही पद्धत करता का. नुसतं ‘मन मोकळं कर’ किंवा ‘सकारात्मक विचार कर’ याने मंत्रचळ हलत नाही.

दुसरा मार्ग औषधाचा. साधारणपणे फ्लुओक्झेटीन, सर्ट्रालीन, फ्लुवोक्झामीन या गटातली औषधं देतात. मात्रा डॉक्टर हळूहळू वाढवतात. परिणाम जाणवायला चार ते सहा आठवडे लागतात, पूर्ण परिणाम समजायला दहा-बारा. पहिल्या आठवड्यात मळमळ, झोपेत बदल, थोडी अस्वस्थता होऊ शकते. इथेच बरीच घरं चुकतात. चौथ्या दिवशी ‘याने तर उलट जास्त होतंय’ म्हणून गोळी बंद, मग पेपरच्या आदल्या आठवड्यात घाबरून परत सुरू. तसं करू नका. औषधाबद्दल जी शंका असेल ती डॉक्टरांना फोन करून विचारा. गोळी अचानक बंद केल्यावर चक्कर, चिडचिड, झोपमोड होऊ शकते, आणि पेपरच्या आठवड्यात ते नको असतं.

सावधान: या वयात औषध सुरू केल्यावर किंवा मात्रा बदलल्यावर पहिले काही आठवडे मुलावर लक्ष ठेवा. एकदम वाढलेली तगमग, न झोपता उसळणारा उत्साह किंवा मरणाचं बोलणं दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा.

आणखी एक सावधान: आजीची झोपेची गोळी ‘अर्धीच तर आहे’ म्हणून देऊ नका. अशा गोळ्यांनी गुंगी येते, गोळीनंतर वाचलेलं नीट लक्षात राहत नाही आणि मंत्रचळ होता तिथेच राहतो.

वेगळा मुद्दा सवलतीचा. दीर्घकाळच्या मानसिक आजाराचा समावेश २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात आहे, आणि प्रमाणपत्र असेल तर परीक्षेत जादा वेळ मागता येतो. पण त्याची तपासणी, कागद, कॉलेजमार्फत बोर्डाकडे अर्ज हे सगळं काही महिने आधी करायचं काम आहे. जानेवारीत त्यामागे धावण्यापेक्षा कॉलेजच्या प्राचार्यांना भेटून एवढंच विचारा की आपल्या बाबतीत अजून काय शक्य आहे. शिवाय नुसता वेळ वाढवून मंत्रचळाला लगाम बसत नाही. जादा मिळालेला अर्धा तास तो परत वाचण्यात जाऊ शकतो.

## पायरी ३: मुलाशी एकदाच, नीट बोला

डॉक्टरांची पहिली भेट झाल्यावर, बेचैनी कमी असेल अशी वेळ निवडा. दादूच्या घरी रविवार सकाळ ठरली, पोहे झाल्यावर. आई-बाबा दोघं होते. आजीला आधीच सगळं सांगून ठेवलं होतं.

बोलणं लहान ठेवा. दादूचे बाबा साधारण असं म्हणाले: ‘दादू, तुला जे होतंय त्याला नाव आहे आणि त्याला औषध आहे. तू मुद्दाम करत नाहीस हे आम्हाला कळलंय. आम्ही तुला उत्तरं देत राहिलो, त्याने तुला बरं वाटावं म्हणून, पण त्याने ते वाढतंय. म्हणून आम्ही आमचं वागणं बदलणार आहोत, हळूहळू, तुला आधी सांगून. तुझ्यावर रागावून नाही.’

यात ‘तू बदल’ असं वाक्य कुठेच नाही. तुम्ही तुमच्या बाजूचं सांगताय. मूल तयार नसलं तरी तुमचं वागणं बदलायला त्याच्या परवानगीची गरज नसते, हे लक्षात ठेवा. दादू म्हणाला, ‘परीक्षा झाल्यावर करा ना.’ बाबांनी वाद घातला नाही. ‘तुला भीती वाटणार हे माहीत आहे,’ एवढं म्हणून ते उठले.

आजाराला मुलापासून वेगळं नाव दिलं की पुढचं बोलणं सोपं जातं. दादूने स्वतःच त्याला ‘हेडमास्तर’ म्हटलं, कारण तो सारखा परत लिहायला लावतो. पुढे घरात ‘हे तू विचारतोयस की हेडमास्तर?’ असं चालू झालं.

## पायरी ४: एकच गोष्ट कमी करा

वहीतल्या यादीतून एकच निवडा. सगळ्यात त्रासदायक निवडायची नाही आणि सगळ्यात क्षुल्लकही नाही. वारंवार घडणारी आणि पूर्णपणे तुमच्या हातात असलेली निवडा. उत्तर देणं-न देणं हे आईच्या हातात आहे. दादूने वाचणं-न वाचणं नाही. म्हणून त्यांनी ‘मी नीट वाचलं ना?’ या प्रश्नापासून सुरुवात केली. बाकी सगळं, नव्या वह्या, मिक्सर, दप्तर, तसंच चालू ठेवलं.

वेळही छोटी घेतली. पहिल्या आठवड्यात फक्त संध्याकाळी सहा ते आठ. या दोन तासांत आई उत्तर देणार नाही, बाकी वेळी पूर्वीसारखं. उत्तराऐवजी एक ठरलेलं वाक्य: ‘तुला किती घुसमट होतेय ते दिसतंय मला. हेडमास्तरला उत्तर देणार नाही मी. मी इथेच आहे.’ वाक्यात दोन्ही हवं, त्रास कळल्याची पोच आणि तो सोसू शकेल असा भरवसा. एवढं बोलून आई भाजी निवडायला बसायची, त्याच खोलीत. पुन्हा विचारलं तर तेच वाक्य, मग फक्त मान हलवणं.

पहिले तीन दिवस काय होणार ते आधीच माहीत असू द्या, नाहीतर तुम्ही घाबरून माघार घ्याल. प्रश्न वाढतात. दादूचे पहिल्या दिवशी दोन तासांत १४ झाले, तिसऱ्या दिवशी २२. तो ओरडला, रडला, ‘तुला माझी काळजीच नाही’ म्हणाला. मग मावशीला फोन लावला. मावशीला आईने आदल्याच दिवशी सांगून ठेवलं होतं, तिनेही तेच वाक्य म्हटलं. पाचव्या दिवशी नऊ, आठव्या दिवशी चार.

मोडतं ते नेमकं तिसऱ्या दिवशी. बावीसाव्या वेळी आई ‘हो, वाचलंयस’ म्हणाली असती, तर दादूच्या मेंदूने धडा घेतला असता की बावीस वेळा विचारलं की मिळतं. पुढच्या वेळी बावीस वेळा विचारल्याशिवाय तो थांबणार नाही. कधी उत्तर देणं, कधी न देणं हे रोज उत्तर देण्यापेक्षा वाईट. तुमच्याने दोन तास निभणार नसतील तर अर्धा तासच घ्या, पण तो पूर्ण पाळा.

दुसऱ्या आठवड्यात जेवणानंतरचा वेळ जोडला, तिसऱ्यात पूर्ण दिवस. मग यादीतली दुसरी गोष्ट: नव्या वह्या बंद. चुकलेलं एका रेघेने खोडायचं आणि पुढे लिहायचं.

सावधान: तर्काने समजावू नका. ‘हे बघ, तू परवा टेस्टमध्ये सगळं बरोबर लिहिलं होतंस, म्हणजे तुला आठवतं’ हा युक्तिवाद म्हणजे नटूनथटून आलेलं तेच उत्तर आहे. मंत्रचळ त्यात पाच मिनिटांत नवी पळवाट काढतो.

तपासा: तुम्ही कमी करताय ती आजाराला दिलेली मदत आहे ना? गरम जेवण, जवळ बसणं, पाठीवर हात, क्लासला सोडणं हे कमी करायचं नाही. ‘परत हात धुतलेस तर मोबाइल काढून घेईन’ ही शिक्षा झाली. तीही नको.

आदळआपट झाली तर खोलीतून शांतपणे बाहेर पडा, त्याला धरून ठेवू नका. हात उगारला जात असेल किंवा तो स्वतःला इजा करत असेल तर हे घरी पेलण्यासारखं नाही. थेरपिस्टशी बोलून मगच पुढे जा.

## पायरी ५: अभ्यासाची पद्धत बदला

थेरपिस्ट असेल तर हे त्यांच्याबरोबर बसून ठरवा. नसेल तर सोप्या भागापासून सुरू करा.

वाचनासाठी दादूला पोस्टकार्डाएवढा एक जाड कागद दिला. वाचून झालेली ओळ कागदाने झाकायची आणि कागद खालीच सरकवायचा. वर नेला तर हेडमास्तर जिंकला. सुरुवात सोप्या विषयापासून, त्याच्यासाठी मराठीपासून. दहा मिनिटांत दोन पानं, समजो न समजो. हो, न समजता पुढे जायचं. ‘नीट बसलं नाही’ ही खाज न खाजवता पुढे जाणं हाच सराव आहे. गंमत म्हणजे नंतर प्रश्न सोडवताना बरंच आठवतं, आणि आठवलं नाही तर तो भाग उजळणीच्या वेळी येतोच.

लिहिण्यासाठी: पेन्सिल आणि खोडरबर फक्त आकृत्यांपुरते. उत्तर पेनानेच. चूक झाली की एक रेघ. दादूच्या थेरपिस्टने त्याला मुद्दाम दर पानावर एक अक्षर वाकडं काढायला लावलं. आजीला ते पाहवेना, नातवाचं अक्षर मोत्यासारखं होतं.

जानेवारीत घड्याळ लावून सराव पेपर सुरू करा. फिजिक्सचा लेखी पेपर ७० गुणांचा, वेळ तीन तास, म्हणजे १८० मिनिटं. गुणाला साधारण अडीच मिनिटं, तीन गुणांच्या प्रश्नाला साडेसात. वेळ संपली की उत्तर अर्धं असलं तरी पुढचा प्रश्न. पहिल्या पेपरात दादूचे ७० पैकी २८ गुणांचेच प्रश्न लिहून झाले, तिसऱ्यात ५१. तपासणाऱ्याने गुण किती पडले हे पाहायचं नाही, किती प्रश्नांना हात घातला ते पाहायचं.

आता सगळ्यांकडून मिळणारा तो सल्ला: ‘शेवटची पंधरा मिनिटं ठेव आणि पेपर दोन-तीनदा तपास.’ बाकी मुलांना हा सल्ला ठीक आहे. या मुलाला तो विषासारखा आहे. त्याला सांगायचं, एकदाच तपासायचं, पहिल्या पानापासून शेवटच्यापर्यंत, बोट फिरवत, आणि प्रश्न क्रमांक लिहिलाय ना एवढंच पाहत. क्लासच्या सरांनाही हे आधी सांगून ठेवा, नाहीतर ते वर्गात सगळ्यांसमोर उलट सांगतील.

## पायरी ६: शेवटचे दहा दिवस आणि पेपरचा दिवस

पहिल्या पेपरच्या दहा दिवस आधी नवीन काही कमी करणं थांबवा. जे बंद झालंय ते बंदच ठेवा, जे अजून चालू आहे ते चालू राहू द्या. दादूच्या घरी बहिणीच्या स्पर्शाचा प्रश्न तसाच राहिला होता. तो एप्रिलवर ढकलला. त्या दहा दिवसांत बहीण टेबलापासून लांब राहिली आणि त्यात काही चुकलं नाही.

झोपेत तडजोड नको. जागरणानंतर मंत्रचळ सरळसरळ जोर धरतो. रात्री दोनला चहा-कॉफीवर जागवून वाचलेली पानं सकाळी परत वाचली जातात.

दप्तर आदल्या संध्याकाळी, त्याने स्वतः, एकदा भरायचं: हॉल तिकीट, पेनं, कंपास, पाण्याची बाटली. भरताना यादी मोठ्याने वाचायची आणि चेन लावायची. नंतर उघडायचं नाही. दाराशी ‘हॉल तिकीट घेतलंस ना?’ हा प्रश्न तुम्हीच विचारून बसू नका. वर्षानुवर्षांची सवय असते, तोंडातून निघतोच. आईने दाराला आतून चिठ्ठी चिकटवली होती, स्वतःसाठी: ‘विचारू नकोस.’

हॉलमध्ये सर्वांत अवघड जागा उत्तरपत्रिकेचं पहिलं पान असते. बैठक क्रमांक आकड्यांत आणि अक्षरांत, बारकोडचं स्टिकर. मंत्रचळाला यापेक्षा चांगलं कुरण नाही. घरी चार-पाच वेळा कोऱ्या कागदावर सराव करून घ्या: लिहायचं, हॉल तिकिटाशी एकदा ताडायचं, पान उलटायचं. पर्यवेक्षक सही करताना तो क्रमांक पाहतात, म्हणजे दुसरी तपासणी त्यांची, त्याची नाही. मध्येच विचार आला, ‘क्रमांक चुकलाय’, तर मनात म्हणायचं, ‘असेल बुवा,’ आणि लिहीत राहायचं. ‘नाही, बरोबर आहे’ असं मनात म्हटलं तर ती मनातल्या मनात केलेली कृती झाली, आणि ती थांबत नाही.

पेपर झाल्यावर उत्तरं ताडणं नाही. गेटवर मित्रांच्या घोळक्यात नाही, घरी नाही, व्हॉट्सअॅपवर नाही. पेपर कसा गेला हे विचारायचंच असेल तर एकदा विचारा आणि जे उत्तर येईल ते घ्या.

तपासा: फिजिक्सनंतर दादू दोन तास एकाच गणिताबद्दल बोलत राहिला. आईने ठरलेलं वाक्य म्हटलं आणि ताट वाढलं. केमिस्ट्रीच्या पेपरनंतर तो वीस मिनिटं बोलला.

## परीक्षा सोडून द्यायची वेळ कधी येते

रोज सहा-आठ तास कृतींमध्येच जात असतील, दोन-दोन दिवस झोप नसेल, जेवण सुटलं असेल, किंवा जगण्यात अर्थ नाही असं मूल म्हणत असेल, तर पेपर बाजूला ठेवा. मरणाचं बोलणं परीक्षेचं नाटक समजू नका. त्याला एकटं सोडू नका, गोळ्या आणि फिनाइल कुलपात ठेवा आणि त्याच दिवशी रुग्णालय गाठा. राहिलेले विषय पुरवणी परीक्षेत देता येतात, ती निकालानंतर त्याच वर्षी होते. बाहेर काय सांगायचं याची काळजी बाबांना फार असते. ‘तब्येत बरी नव्हती’ एवढं पुरतं, आणि ते खरंही आहे.

## शेवटच्या पेपरनंतर

एक गंमत घडते. परीक्षा संपते, मुलगा मोकळा होतो, कृती आपोआप कमी दिसतात, आणि घरचे औषध बंद करतात. करू नका. बरं वाटायला लागल्यावरही गोळी साधारण वर्षभर चालू ठेवायचा सल्ला देतात आणि नंतर ती हळूहळू कमी करतात. बारावी सायन्सच्या मुलापुढे तर लगेच सीईटी किंवा नीट उभी असते.

नीटसाठी वेगळा सराव लागतो, कारण ओएमआर शीटवरचा गोळा एकदा पेनाने रंगवला की खोडता येत नाही. तो पूर्ण भरला का, कडेला शाई गेली का, यावर दादू एप्रिलमध्ये अडला. त्यावर उपाय तोच. कोऱ्या ओएमआर शीटच्या झेरॉक्स आणल्या, रोज एक शीट, गोळ्याला तीन सेकंद, मागे वळून पाहायचं नाही. आणि बहिणीला आता टेबलाजवळून जायची परवानगी होती, आठवड्यातून एकदा मुद्दाम शीटला बोट लावून.